जादा बोटे, विस्कटलेला लोगो, आगंतुक अक्षरे: निगेटिव्ह प्रॉम्प्टची यादी चालत नसेल तर काय तपासावे

स्टेबल डिफ्यूजन या चित्रे काढणाऱ्या एआय मॉडेलवर उत्पादनांची जाहिरातचित्रे तयार करणाऱ्या छोट्या उद्योजकांकडून माझ्याकडे वारंवार एकच तक्रार येते. चित्रात काय नको ते लिहायच्या निगेटिव्ह प्रॉम्प्टमध्ये चाळीस-पन्नास शब्दांची यादी टाकली, तरीही बाटली धरलेल्या हाताला सहावे बोट फुटते, लेबलवरचा लोगो वितळल्यासारखा दिसतो आणि कोपऱ्यात कोणती तरी अक्षरे उमटतात. यादी बहुधा कोणाकडून तरी उतरवून घेतलेली असते आणि दोष गेला नाही की तिच्यात आणखी दहा शब्दांची भर पडते. हे तीन दोष एकाच यादीत लिहिले जात असले, तरी त्यांची कारणे तीन वेगळी आहेत. यादीने आगंतुक अक्षरे बरीचशी जातात, बोटांचा दोष थोडासा कमी होतो आणि लोगो कधीही दुरुस्त होत नाही. हा फरक ध्यानात घेऊन पुढील तपासण्या केल्या, तर बहुतेक चित्रे पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच मार्गी लागतात.

उदाहरणासाठी मी कोकम आगळाच्या बाटलीचे चित्र घेतो, कारण या एकाच चित्रात तिन्ही दोष हमखास भेटतात. काचेची गडद लाल बाटली, ती धरलेला हात, क्रीम रंगाचे कागदी लेबल आणि त्यावर देवनागरीत नाव, अशी मागणी घरगुती उत्पादकाकडून येते. मॉडेल म्हणजे स्टेबल डिफ्यूजनची एसडीएक्सएल ही आवृत्ती आहे आणि चित्राचा आकार 1024 बाय 1024 आहे, असे धरून चालू.

आधी लक्षणे नीट ओळखा

चित्र पूर्ण आकारात उघडून पाहावे. फोनवरच्या लघुचित्रात निम्मे दोष लपतात. हाताकडे पाहताना केवळ बोटे मोजून थांबू नये. दोन बोटे मध्येच एकमेकांत मिसळली आहेत का, अंगठा तळहाताच्या चुकीच्या बाजूला आहे का, बाटलीमागे गेलेले बोट दुसऱ्या बाजूला अपेक्षित जागी बाहेर येते का, हे पाहावे. लेबलवर देवनागरी मागितली असेल, तर एक आडवी शिरोरेषा आणि तिच्याखाली लोंबणारे अर्थहीन आकार दिसतात. लांबून ते अक्षरांसारखे वाटतात आणि जवळून एकही अक्षर वाचता येत नाही. आगंतुक मजकूर मात्र लेबलबाहेर असतो: वरच्या मोकळ्या जागेत मथळ्यासारखा, खालच्या कोपऱ्यात सहीसारखा किंवा संपूर्ण चित्रावर फिकट वॉटरमार्कसारखा.

याखेरीज लक्षणांचा एक दुसरा गट आहे आणि तो दोषापेक्षा औषधामुळे होतो. बाटलीवरचे लेबलच नाहीसे होते, काच प्लॅस्टिकसारखी सपाट दिसू लागते, लाल रंग भडक होऊन जळाल्यासारखा वाटतो, हाताची बोटेच न दिसता मूठ किंवा बोथट गोळा दिसतो. ही लक्षणे असतील तर यादी वाढवू नये; ती आधीच गरजेपेक्षा जास्त जोर लावत आहे. शेवटचे लक्षण असे की यादीत काहीही बदलले तरी चित्रात तसूभरही फरक पडत नाही. पहिली तपासणी त्याचीच आहे, कारण ती अर्ध्या मिनिटात होते.

पहिली तपासणी: यादी मॉडेलपर्यंत पोहोचते आहे का

सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, पक्का करा, चित्र तयार करा, आणि मग निगेटिव्ह प्रॉम्प्टच्या चौकटीत फक्त हा एक शब्द ठेवून तेच चित्र पुन्हा तयार करा:

```
bottle
```

यादी काम करत असेल, तर बाटली विरून जाईल, तिचा आकार बिघडेल किंवा निदान चित्र ओळखू न येण्याइतके बदलेल. अगदी बारीकसारीक फरक सोडता चित्र तेच राहिले, तर चौकट बंद आहे असे समजावे. मग तिच्यात काय लिहिले आहे याला काही अर्थ उरत नाही.

असे का होते हे समजून घेण्यासाठी एकच ओळ पुरेशी आहे. चित्र तयार होताना प्रत्येक पायरीवर मॉडेल चित्रातल्या गोंगाटाचा दोनदा अंदाज करते, एकदा तुमच्या मुख्य प्रॉम्प्टनुसार आणि एकदा निगेटिव्ह प्रॉम्प्टनुसार, आणि दुसऱ्या अंदाजापासून पहिल्याच्या दिशेने चित्र ढकलते:

```
result = neg + cfg * (pos - neg)
```

यात `cfg`, म्हणजे सीएफजी, हा त्या ढकलण्याचा जोर आहे; त्याच्या जागी 1 घालून पाहा. `neg` पूर्णपणे निघून जाते आणि केवळ `pos` उरते. म्हणजे सीएफजी 1 असताना निगेटिव्ह प्रॉम्प्टचा परिणाम शून्य असतो, आणि बहुतेक प्रोग्रॅम वेळ वाचवण्यासाठी तो दुसरा अंदाज करतच नाहीत. एसडीएक्सएल टर्बो, लाइटनिंग किंवा एलसीएम यांसारखी थोड्या पायऱ्यांत चित्र देणारी मॉडेले मुळात सीएफजी 1 च्या आसपास चालवायची असतात. म्हणून त्यांच्यावर लांबलचक याद्या वाया जातात. 2024 च्या ऑगस्टमध्ये आलेल्या फ्लक्स मॉडेलांचेही तसेच आहे. फ्लक्सच्या `dev` आवृत्तीत दिसणारा गायडन्सचा आकडा 3.5 असला, तरी तो वरच्या सूत्रातला `cfg` नव्हे. तो मॉडेलला सांगितलेला निव्वळ एक संकेत असतो. डिफ्यूजर्स लायब्ररी वापरत असाल तर फ्लक्ससाठी `true_cfg_scale` हा वेगळा आकडा 1 पेक्षा जास्त द्यावा लागतो, तेव्हाच `negative_prompt` विचारात घेतला जातो, आणि चित्राला लागणारा वेळ जवळजवळ दुप्पट होतो.

साध्या एसडीएक्सएलवर सीएफजी 5 ते 7 ठेवणे मला योग्य वाटते. तो 10 च्या पुढे नेला तर यादीचा जोर वाढतो हे खरे, पण त्याबरोबर रंगही जळू लागतात, आणि आगळाचा गडद लाल रंग त्यात सर्वांत आधी बिघडतो.

दुसरी तपासणी: मुख्य प्रॉम्प्टच मजकुराला बोलावतो आहे का

हीही फुकटची तपासणी आहे, आणि माझ्या अनुभवात आगंतुक अक्षरांच्या तक्रारींपैकी सर्वाधिक इथेच मिटतात. उद्योजकाने लिहिलेला मुख्य प्रॉम्प्ट साधारण असा असतो:

```
premium advertisement poster of kokum syrup bottle, brand logo, e-commerce banner, hand holding bottle, no text, no watermark
```

पोस्टर, जाहिरात, बॅनर आणि ब्रँड हे चारही शब्द मजकूर असलेल्या चित्रांशी जोडलेले आहेत. स्टेबल डिफ्यूजन वेबवरून गोळा केलेल्या चित्र-मथळ्यांच्या जोड्यांवर शिकले आहे, आणि ज्या चित्राच्या वर्णनात ‘पोस्टर’ असते त्यावर अक्षरे असतातच. मॉडेलच्या लेखी अक्षरांशिवाय पोस्टर पूर्ण होत नाही. एका चौकटीत पोस्टर मागायचे आणि दुसऱ्या चौकटीत अक्षरे नाकारायची, या ओढाताणीत कधी अक्षरे जिंकतात, तर कधी चित्राची मांडणीच मोडते.

शेवटचे `no text` हे तर उलटेच काम करते. प्रॉम्प्ट वाचणारा क्लिप हा घटक नकार नीट समजत नाही; त्याला ‘टेक्स्ट’ हा शब्द दिसतो आणि त्याच्या आधीच्या ‘नो’ला फारसे वजन मिळत नाही. म्हणून मुख्य प्रॉम्प्टमध्ये नकाराचे एकही वाक्य ठेवू नये. निगेटिव्हच्या चौकटीतही ‘नो’ लिहिण्याची गरज नाही, कारण ती चौकटच नकाराची आहे. तिथे थेट वस्तूचे नाव लिहावे.

त्याऐवजी मुख्य प्रॉम्प्टमध्ये जे हवे आहे त्याचेच वर्णन करावे. लेबल कोरे हवे, असे मी मुद्दाम लिहितो. त्याचे कारण लोगोच्या भागात येईल.

```
studio photo of a dark red glass bottle, blank cream paper label, held in one hand, plain grey background, soft window light
```

एवढ्या बदलाने कोपऱ्यातला मथळा बहुधा जातो. तरीही गेला नाही तर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. एखादा लोरा, म्हणजे मॉडेलला विशिष्ट शैली शिकवणारी छोटी पूरक फाइल, जोडला असेल, तर त्याचे वजन 0 करून तेच सीड पुन्हा चालवावे. जाहिरातींच्या चित्रांवर शिकवलेला लोरा स्वतःबरोबर अक्षरेही घेऊन येतो, आणि तसे दिसले तर निगेटिव्ह यादी त्याच्याशी झुंजत बसण्यापेक्षा लोराच बदलणे सोपे. दुसरे म्हणजे चित्राचा आकार. उभ्या, अरुंद चौकटीत बाटलीच्या वर मोठी मोकळी जागा उरते आणि मॉडेल तिथे मथळा भरू पाहते. चित्र चौरस तयार करून पार्श्वभूमी नंतर वाढवली तर हा मोहच उरत नाही.

तिसरी तपासणी: यादी छाटा, मग एकेक शब्द परत घ्या

उतरवून घेतलेल्या याद्यांची अडचण त्यांच्या लांबीपासून सुरू होते. क्लिप एका वेळी 77 टोकन, म्हणजे शब्द किंवा शब्दांचे तुकडे, वाचतो, आणि त्यांतली दोन सुरुवात व शेवट दाखवण्यात जातात, उरतात 75. ऑटोमॅटिक1111 सारखा प्रोग्रॅम त्यापुढचे शब्द 75 च्या नव्या तुकड्यात टाकतो, पण डिफ्यूजर्सची नेहमीची पाइपलाइन ते कापून टाकते आणि लॉगमध्ये एक इशारा देते, जो सहसा कोणी वाचत नाही. बोटांविषयीचे शब्द यादीच्या शेवटी असतील, तर ते मॉडेलपर्यंत पोहोचलेलेच नसतात.

शब्द पोहोचले तरी त्यांपैकी बरेच परस्परांच्या आड येतात. `blurry` नाकारून मुख्य प्रॉम्प्टमध्ये धूसर पार्श्वभूमी मागितली, तर पार्श्वभूमी टोकदार होते. `hands` किंवा `bad hands` यांना जास्त वजन दिले आणि चित्रात हात हवा असेल, तर मॉडेल हातापासूनच दूर जाते. बोथट गोळा किंवा हवेत तरंगणारी बाटली यातूनच येते. `extra fingers` मध्येही ‘फिंगर्स’ हा शब्द आहेच, म्हणून त्याचे वजन वाढवताना हात राखून वागावे. मी 1.2 च्या पुढे सहसा जात नाही. 1.5 च्या वर गेल्यावर काच सपाट होणे आणि रंग भडकणे सुरू होते.

`(extra fingers:1.2)` असे कंसात वजन लिहिण्याची पद्धत ऑटोमॅटिक1111 आणि कंफीयूआयमध्ये चालते. डिफ्यूजर्समध्ये थेट लिहिली तर कंस आणि आकडे साधा मजकूर म्हणून वाचले जातात. यादीत एखादे निगेटिव्ह एम्बेडिंग, म्हणजे अनेक नकार एका नावात बांधलेली फाइल, असेल, तर ती योग्य फोल्डरमध्ये आहे का आणि ते याच मॉडेल-घराण्याचे आहे का, हे पाहावे. एसडी 1.5 साठी बनवलेले एम्बेडिंग एसडीएक्सएलवर चालत नाही. त्याचे नाव तेवढे निरुपयोगी शब्द म्हणून यादीत उरते.

छाटणी करताना सीड तेच ठेवून यादी पूर्ण रिकामी करावी आणि एक चित्र घ्यावे. पुष्कळांना आश्चर्य वाटते की हे रिकाम्या यादीचे चित्र लांब यादीच्या चित्रापेक्षा चांगले असते. मग एक शब्द घालावा, चित्र पाहावे, फरक पडला तर ठेवावा, नाही तर काढावा. एकाच सीडवर विसंबू नये, कारण एका सीडवर गेलेले सहावे बोट दुसऱ्यावर परत येते. चार सीड घ्यावीत आणि चारांपैकी किमान तिनांत सुधारणा दिसली तरच शब्द कायम करावा. ऑटोमॅटिक1111 मधील `X/Y/Z plot` आणि त्यातील `Prompt S/R` या पर्यायाने ही तुलना एकाच तक्त्यात पाहता येते. आगळाच्या बाटलीसाठी शेवटी साधारण एवढीच यादी उरते:

```
text, letters, watermark, signature, (extra fingers:1.2), fused fingers
```

`logo` हा शब्द मी यात घेत नाही. कोरे लेबल मागितल्यावर त्याची गरज पडत नाही, आणि वजन वाढवून घातल्यास तो लेबलासकट झाकणावरची नक्षीही पुसू लागतो.

चौथी तपासणी: हाताला पुरेशी जागा मिळते आहे का

इथून पुढे थोडे श्रम आहेत. तत्पूर्वी एक प्रश्न विचारावा: या चित्रात हात खरोखर हवा आहे का? बाटली पाटावर किंवा दगडी ओट्यावर ठेवूनही विकली जाते. हात केवळ आकाराचा अंदाज यावा म्हणून घेतला असेल, तर शेजारी पेला ठेवला तरी तेच साधते आणि सगळा प्रश्नच मिटतो. हात आवश्यकच असेल तर पुढे वाचा.

स्टेबल डिफ्यूजन चित्र थेट पिक्सेलांत काढत नाही. ते आठपट लहान केलेल्या जाळीवर काम करते, म्हणजे 1024 बाय 1024 च्या चित्रामागे 128 बाय 128 ची जाळी असते. चित्रात हाताची रुंदी 160 पिक्सेल असेल, तर जाळीवर त्याला केवळ 20 घरे मिळतात, आणि प्रत्येक बोटाच्या वाट्याला तीन-चार. त्या तीन-चार घरांत बोटाची कड, पेर, नख आणि शेजारच्या बोटापासूनची फट हे सगळे बसवायचे असते. बोटे एकमेकांत मिसळतात ती इथे, आणि कोणत्याही निगेटिव्ह शब्दाने घरांची संख्या वाढत नाही.

वाढते ती इनपेंटिंगने, म्हणजे चित्राचा फक्त निवडलेला भाग पुन्हा काढून घेण्याने. हाताभोवती थोडी सैल कड ठेवून मास्क काढावा आणि `Inpaint area` मध्ये `Only masked` निवडावे. आता प्रोग्रॅम तेवढाच भाग कापून 1024 पर्यंत मोठा करतो, तिथे हात पुन्हा काढतो आणि लहान करून जागेवर बसवतो. त्याच हाताला 20 च्या जागी पन्नास-साठ घरे मिळतात. `Only masked padding` मूळचे 32 पिक्सेल असते, ते 64 ते 100 करावे, म्हणजे मनगट आणि बाटलीची कड मॉडेलच्या नजरेत राहते. नाही तर हात बाटलीला न धरता तिच्यावर चिकटवल्यासारखा दिसतो. मूळ चित्र किती बदलू द्यायचे ते ठरवणारी `Denoising strength` 0.4 ते 0.55 पुरते. 0.3 च्या खाली सहावे बोट जागचे हलत नाही, कारण मूळ चित्राचा ठसा फार शिल्लक राहतो आणि निगेटिव्ह प्रॉम्प्टला खोडायला वावच मिळत नाही. 0.7 च्या वर गेल्यास हात दुसऱ्याच दिशेने वळतो.

या वेळी मुख्य प्रॉम्प्ट बदलायला विसरू नये. संपूर्ण चित्राचे वर्णन तसेच ठेवले तर मॉडेल त्या लहान भागात एक आख्खी बाटली काढू पाहते. फक्त बाटली धरलेल्या हाताचे वर्णन ठेवावे आणि यादीत बोटांविषयीचे दोनच शब्द राहू द्यावेत.

सहावे बोट अगदी टोकाला, पार्श्वभूमीवर आले असेल, तर आधी ते साध्या ब्रशने राखाडी रंगाने झाकून मग इनपेंट करावे. मॉडेलला आता पाच बोटांचा हात दिसतो आणि ते तोच नीट करते. एवढ्यानेही जमले नाही, तर स्वतःच्या हातात तशीच बाटली धरून फोनने फोटो काढावा, तो हात चित्रात योग्य आकारात चिकटवावा आणि 0.3 ते 0.4 वर उजेड व कडा जुळवून घ्याव्यात. मी अडलेल्या चित्रांसाठी हाच मार्ग पसंत करतो, कारण पेरांची जागा त्यात खरी असते.

पाचवी तपासणी: लोगो मॉडेलकडून काढून घेणे थांबवा

आता लोगोकडे. वरचाच हिशेब लेबलवरच्या नावाला लावला, तर 64 पिक्सेल रुंदीच्या नावाला जाळीवर आठ घरे मिळतात. आठ घरांत ‘कोकम आगळ’ ही सहा अक्षरे, त्यांची शिरोरेषा आणि काना-मात्रा बसणे शक्य नाही. शिवाय एसडीएक्सएलने देवनागरी लेबले इंग्रजीच्या तुलनेत फारच कमी पाहिली आहेत. मोठा करून इनपेंट केले तरी ते शिरोरेषेसारखी रेघ आणि तिच्याखाली काल्पनिक आकारच काढते.

याहून मूलभूत अडचण अशी की निगेटिव्ह प्रॉम्प्ट चित्राला एखाद्या गोष्टीपासून फक्त दूर ढकलू शकतो. `distorted logo` लिहिल्याने चित्र विस्कटलेल्या लोगोपासून दूर जाईल, पण तुमच्या लोगोच्या जवळ कसे जाणार? तो लोगो मॉडेलने कधी पाहिलेलाच नाही. म्हणून यादीत या शब्दाचा काही उपयोग नाही, आणि त्यावर घालवलेला वेळ पूर्ण वाया जातो.

उपाय असा की मॉडेलकडून केवळ कोरे लेबल घ्यावे आणि खरा लोगो वरून बसवावा. लेबल छापणाऱ्याकडे त्याची व्हेक्टर फाइल असतेच, एसव्हीजी किंवा पीडीएफ. ती मागून घ्यावी, व्हॉट्सॲपवर आलेला जेपीजी वापरू नये. कामाचा क्रम इथे फार महत्त्वाचा आहे. आधी हात दुरुस्त करावा, मग चित्र शेवटच्या आकारापर्यंत मोठे करावे, आणि त्यानंतरच लोगो बसवावा. लोगो आधी बसवून चित्र अपस्केलरमधून किंवा पुन्हा इमेज-टू-इमेजमधून काढले, तर अक्षरे परत वितळतात आणि दोष पहिल्यापासून सुरू झाल्यासारखे वाटते.

बसवताना बाटलीची गोलाई सांभाळावी लागते. कॅमेरा बाटलीपेक्षा किंचित वर असेल, तर लेबलच्या वरच्या आणि खालच्या कडा खाली झुकलेल्या कमानीसारख्या दिसतात; कोऱ्या लेबलच्या कडेला जेवढी वक्रता आहे तेवढीच लोगोच्या लेयरला द्यावी. गिंपमध्ये हे `Curve Bend` ने होते, फोटोशॉपमध्ये `Warp` ने. लेयरची पद्धत `Multiply` ठेवली की कागदावरची सावली आणि खिडकीचा उजेड अक्षरांवरही उतरतो, कारण लेबल फिकट क्रीम रंगाचे आहे. गडद लेबलवर पांढरी अक्षरे असतील तर `Multiply` चालणार नाही. तिथे `Screen` घ्यावे किंवा लेयर साधा ठेवून सावली हाताने रंगवावी. एखादे बोट लेबलवर आले असेल, तर लोगोच्या लेयरला मास्क लावून तेवढा भाग झाकावा. हे राहून गेले, तर नाव बोटावरच छापल्यासारखे दिसते.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

काही चित्रांत पुढे जाणे योग्य नाही, मग हात आणि लोगो कितीही सुंदर जमलेले असोत. लेबलवरचा कायद्याने आवश्यक मजकूर वाचता येईल असे चित्र हवे असेल, तर ते मॉडेलकडून घेऊ नये. खाद्यपदार्थाच्या लेबलवर एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक असतो आणि शाकाहारासाठी हिरव्या चौकटीत हिरवे वर्तुळ असते. मॉडेलने काढलेला क्रमांक काल्पनिक असतो आणि वर्तुळाची चौकट अनेकदा अर्धवट असते. पाकिटाची मागची बाजू, निव्वळ वजन, किंमत, औषधाचे नाव किंवा सोन्यावरचा हॉलमार्क दाखवायचा असेल, तर खऱ्या वस्तूचा फोटो काढणारा छायाचित्रकारच हवा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी दंडाची तरतूद आहे, आणि चित्र यंत्राने काढले होते हे कारण तिथे पुरे पडेल असे मानू नये.

दुसरा प्रसंग अनोळखी लोगोचा. विस्कटलेला लोगो कधी कधी एखाद्या नामांकित कंपनीच्या चिन्हासारखा दिसतो, कारण मॉडेलने तेच चिन्ह हजारो चित्रांत पाहिलेले असते; लाल डबा मागितला की पांढरी लाट आपोआप येते. असे चित्र थोडे पुसून वापरू नये. ते टाकून द्यावे, आणि ते आधीच छापले किंवा प्रसिद्ध झाले असेल, तर ट्रेडमार्कचे काम करणाऱ्या वकिलाला दाखवावे. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात हुबेहूब नक्कल तर येतेच, पण फसगत होईल इतके साम्य असलेले चिन्हही येते.

तिसरा प्रसंग वस्तूच चुकते तेव्हाचा. पैठणीच्या पदरावरचे मोर, दागिन्याची घडण किंवा कोल्हापुरी चपलेची वेणी ग्राहकाला जशी मिळणार तशीच दिसायला हवी, आणि या बारकाव्यांवर निगेटिव्ह यादीचा काहीही ताबा नसतो. इथे खऱ्या वस्तूचा फोटो घ्यावा आणि हवी असेल तर केवळ पार्श्वभूमी तयार करून घ्यावी.

आणि हात. इनपेंटिंगचे दहा-बारा प्रयत्न झाले, स्वतःच्या हाताचा फोटो चिकटवूनही जमले नाही, तर चित्र रिटच करणाऱ्याकडे द्यावे. त्याला देताना सपाट जेपीजी देऊ नये. लोगोविना मोठे केलेले चित्र पीएनजीमध्ये, लोगोची व्हेक्टर फाइल, तुमच्या हाताचा फोटो आणि वापरलेले सीड व प्रॉम्प्ट हे सर्व एकत्र द्यावे. लोगो वेगळा मिळाल्यामुळे त्याला बोटांभोवतीचे अक्षर पुन्हा रंगवावे लागत नाही आणि तो थेट हातावर काम सुरू करू शकतो.